लेखासोबत जाणारे छोटे पत्र

*सप्रेम नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझ्या वडिलांना हळूहळू ऐकू येईनासे झाले, त्या काळाविषयी मी एक आत्मपर लेख लिहिला आहे आणि तो मासिकाकडे पाठवायचा आहे. यापूर्वी मी कुठेही काही पाठवलेले नाही. लेखाने दिला नाही इतका त्रास मला सोबतच्या पत्राने दिला आहे. नुसता लेख पाठवणे उद्धटपणाचे वाटते आणि लिहायला बसले की पत्र दीड पानाचे होते. लेख इतका घरचा आहे, की संपादकांना पार्श्वभूमी सांगायलाच हवी असे वाटत राहते. पत्राचा मसुदा आणि लेख सोबत जोडला आहे. त्यातले काय ठेवू आणि काय काढू?*
*— एक वाचक*

सप्रेम नमस्कार.

तुमचा लेख आणि मसुदा दोन्ही मी दोनदा वाचले. लेख पाठवण्याजोगा झाला आहे. पत्रातली बहुतेक वाक्ये मात्र काढावी लागतील आणि जी चार-पाच माहितीची वाक्ये त्यात असायला हवी होती, त्यांतली काही अगदी शेवटी ओझरती आली आहेत, तर काही आलेलीच नाहीत.

संपादक हे पत्र कशासाठी वाचतात, हे आधी पाहू. त्यांच्यापुढे एकाच वेळी पुष्कळ साहित्य असते. पत्र उघडताना त्यांना कळून घ्यायचे असते ते एवढेच, की आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, किती मोठा आहे, तो छापायला मोकळा आहे का आणि लिहिणाऱ्या व्यक्तीशी संपर्क कसा साधायचा. लेख चांगला आहे की नाही हे ते लेखावरूनच ठरवतात. पत्र उत्तम असल्यामुळे कमकुवत लेख स्वीकारला गेल्याचे मी पाहिलेले नाही, पण पत्रामुळे चांगल्या लेखाचे वाचन बिघडल्याचे अनेकदा पाहिले आहे. आत्मपर लेखाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण लिहिणारी व्यक्ती आणि लेखातला ‘मी’ एकच असल्यामुळे लेख संपल्यावरही सांगणे थांबत नाही आणि ते पत्रात उतरते.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: ही गोष्ट संपादकांना लेखातून कळणार आहे का? कळणार असेल, तर ते वाक्य पत्रात नको. कळणार नसेल, तर पुढचा प्रश्न असा, की ती गोष्ट लेखातल्या जगण्याविषयी आहे की लेखाच्या स्थितीविषयी. जगण्याविषयी असेल तर तिची जागा लेखात आहे आणि स्थितीविषयी असेल तरच पत्रात.

आता तुमचा मसुदा या प्रश्नांतून नेऊन पाहू. त्याची सुरुवात अशी आहे: ‘माणूस ऐकेनासा झाला, की घरातले नातेसंबंध कसे पोखरले जातात आणि तरीही क्षमा कशी शिल्लक राहते, हे मी या लेखातून मांडण्याचा प्रयत्न केला आहे.’ हे वाक्य वाचून संपादक लेख उघडतात आणि क्षमा शोधू लागतात. तुमच्या लेखात क्षमा हा शब्द कुठेही नाही, आणि ते त्याचे बळ आहे. तिथे वडील दार ठोठावल्याचे ऐकू न आल्यामुळे भावाला पावसात ताटकळत ठेवतात आणि भाऊ आत आल्यावर काही न बोलता स्वतःचे कपडे पिळत उभा राहतो. वाचकाने जे स्वतः ओळखायचे होते, ते पत्राने आधीच सांगून टाकले, तर तो प्रसंग एखाद्या विधानाचा पुरावा होऊन बसतो. लेखाचा अर्थ पत्रात सांगू नका. विषय सांगायला हरकत नाही आणि तोही एकाच वाक्यात सांगावा. ‘वडिलांची श्रवणशक्ती कमी होत गेली त्या वर्षांत घरातली बोलण्याची रीत कशी बदलली’ हा विषय झाला. त्यातून काय निष्पन्न होते, ते लेखावर सोडा.

दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही वडिलांच्या आजाराचा इतिहास दिला आहे. त्यातले बहुतेक लेखात आहेच, त्यामुळे तो परिच्छेद सरळ काढता येईल. फक्त त्यातल्या एका वाक्यापाशी थांबा: ‘बाबा आता आवाज बंद ठेवून बातम्या पाहतात आणि निवेदिकेच्या ओठांकडे टक लावून बसतात.’ हे वाक्य लेखात नाही. तुम्ही मला पाठवलेल्या सगळ्या मजकुरातले ते सर्वांत चांगले वाक्य आहे, असे मला वाटते, आणि ते अशा ठिकाणी पडले आहे जिथून ते कधीच छापले जाणार नाही. ज्या व्यक्तीला ऐकू येत नाही, ती आवाज वाढवण्याऐवजी पूर्ण बंद करते, यात तुमच्या वडिलांचा स्वभाव दिसतो. हे वाक्य लेखाच्या तिसऱ्या भागात, श्रवणयंत्र कपाटात ठेवून दिल्याच्या उल्लेखानंतर बसेल का, ते पाहा. पत्र लांबत जाते तेव्हा पुष्कळदा लेखातून काहीतरी सुटलेले असते. त्यामुळे काढलेली वाक्ये पुसून टाकण्याआधी एकदा लेखाशेजारी ठेवून वाचावीत.

मसुद्यातली आणखी तीन वाक्ये वेगळ्या कारणासाठी काढायची आहेत. ‘माझ्या मैत्रिणींना लेख वाचताना रडू आवरले नाही’ हे खरे असेल, परंतु त्या तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना ओळखतात, आणि संपादकांना त्यांच्या रडण्यावरून लेखाविषयी काहीच ठरवता येत नाही. ‘हा माझा पहिलाच प्रयत्न आहे, चुका असल्यास क्षमस्व, आपण योग्य ते बदल करावेत’ या वाक्यात नम्रता आहे, पण त्याचा परिणाम दुहेरी होतो. एकीकडे लेख अजून पुरा झालेला नाही असे तुम्हीच सुचवता, आणि दुसरीकडे तुमच्या आयुष्याविषयीच्या मजकुरात काहीही बदलण्याची परवानगी आगाऊ देऊन टाकता. शुद्धलेखन आणि मासिकाची लेखनपद्धती यांविषयीच्या दुरुस्त्या संपादक करतातच. आशयातला किंवा रचनेतला बदल मात्र स्वीकृतीनंतर तुमच्याशी बोलून व्हायला हवा, आणि त्या वेळी आपले मत मांडण्याचा अधिकार तुमच्याकडे राहिला पाहिजे. त्याचप्रमाणे ‘एकही शब्द बदलू नये’ असेही कधी लिहू नये.

तिसरे वाक्य काढायला सांगताना मला जड जाते: ‘बाबांचे वय झाले आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर लेख छापून आला तर फार समाधान वाटेल.’ तुमची इच्छा मला पूर्ण समजते. पण हे वाक्य वाचल्यावर संपादकांपुढे केवळ लेखाविषयीचा निर्णय उरत नाही. नकार द्यायचा झाला तर तो तुमच्या वडिलांना दिल्यासारखा वाटू लागतो, आणि अशा ओझ्याखाली कोणी मोकळेपणाने वाचू शकत नाही. मग लेख बाजूला ठेवला जातो, उत्तर लांबते, किंवा कारण न देता अतिशय औपचारिक नकार येतो. काळाचा उल्लेख करायचा असेल, तर तो मासिकाच्या कामाशी जोडलेला असावा, उदाहरणार्थ त्यांनी जाहीर केलेल्या एखाद्या विशेषांकाच्या विषयाशी लेख जुळत असेल, तर तसे लिहावे.

आता जे ओझरते आले किंवा आलेच नाही, त्याकडे वळतो. मसुद्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही लिहिले आहे, की लेखातला सुरुवातीचा भाग तुम्ही पूर्वी समाजमाध्यमावरच्या तुमच्या पानावर ‘थोडाफार’ टाकला होता. पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे आणि ती संदिग्ध शब्दांत सांगितली आहे. पुष्कळ मासिकांना अप्रकाशित लेख हवा असतो, आणि स्वतःच्या पानावर किंवा अनुदिनीवर टाकलेला मजकूर त्यांतली अनेक जण प्रकाशितच मानतात. काही ठिकाणी छोटा अंश चालतो, काही ठिकाणी नाही. हा निर्णय त्यांचा आहे आणि तो घेण्यासाठी त्यांना किती शब्द, केव्हा आणि आता तो मजकूर तिथे आहे का, एवढे कळले पाहिजे. तुम्ही लेखासोबत दिलेल्या माहितीनुसार तो सुमारे 180 शब्दांचा एक परिच्छेद होता आणि तो तुम्ही काढून टाकला आहे. मग तेच लिहा. हे न सांगता लेख छापला गेला आणि नंतर एखाद्या वाचकाने संपादकांच्या निदर्शनास आणून दिले, तर त्या मासिकाशी असलेला तुमचा विश्वासाचा धागा पहिल्याच लेखात तुटेल.

लेख आणखी एका मासिकाकडेही पाठवण्याचा तुमचा विचार आहे, असे तुम्ही मला लिहिले आहे, पण पत्रात त्याचा उल्लेख नाही. आधी दोन्ही मासिकांचे लेखन पाठवण्याविषयीचे नियम वाचा. एकाच वेळी अन्यत्र पाठवलेले साहित्य ज्यांना चालत नाही, त्यांच्याकडे ते पाठवू नका. ज्यांना चालते, त्यांना एका वाक्यात कळवा. दुसऱ्या मासिकाचे नाव देण्याची गरज नाही, आणि दोघांना एकच ईमेल तर अजिबात पाठवू नका. दोन पत्रे तयार करताना पहिल्या मासिकाचे नाव दुसऱ्याच्या पत्रात राहून जाण्याची चूक फार वेळा होते. म्हणून पाठवण्यापूर्वी संबोधन, मासिकाचे नाव आणि जोडलेली फाइल या तीन गोष्टी मोठ्याने वाचून घ्या.

आत्मपर लेखाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संपादकांना कळायला हवी, आणि नवे लेखक ती जवळजवळ कधीच सांगत नाहीत. ‘यातील सर्व घटना सत्य आहेत’ असे लिहिण्याची गरज नसते, कारण आत्मपर लेख म्हणून पाठवताच ते गृहीत धरले जाते. नेमक्या याच कारणामुळे, घडलेल्या गोष्टींत तुम्ही जाणीवपूर्वक काही बदलले असेल, तर ते सांगावे लागते. तुम्ही भावाचे नाव बदलले आहे आणि दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडच्या भेटी लेखात एकाच भेटीत आणल्या आहेत. नाव बदलणे ही सर्वमान्य प्रथा आहे आणि तिला कोणी हरकत घेत नाही. दोन भेटी एक करणे मात्र काही संपादकांना मान्य असते, काहींना नसते, आणि काही जण ती तडजोड लेखाच्या शेवटी छोट्या टिपेत नोंदवून घेतात. तुम्ही आधी सांगितले, तर त्यावर दोन वाक्यांत चर्चा होईल. छपाईनंतर उघड झाले, तर संपूर्ण लेखाच्या खरेपणाविषयी शंका घेतली जाईल. भावाने लेख वाचला आहे का, याचे उत्तरही मनाशी तयार ठेवा. ते पत्रात घालायचे नाही, परंतु स्वीकृतीनंतर संपादक हा प्रश्न विचारू शकतात.

स्वतःविषयी किती लिहावे, हा भाग छोटा आहे. काय काम करता आणि यापूर्वी लेखन प्रसिद्ध झाले आहे का, एवढे पुरे. प्रसिद्ध झालेले नसेल, तर ते साध्या विधानासारखे लिहावे किंवा वगळावे, दोन्ही चालते. मला विचाराल तर लिहावे, कारण नव्या लेखणीचा शोध अनेक संपादकांना मनापासून असतो. शाळेतील स्पर्धांची बक्षिसे, पदव्यांची यादी आणि लेखनाच्या आवडीची हकिकत यांची मात्र गरज नाही. मासिकाने वेगळा लेखकपरिचय मागितला असेल, तर तो तृतीयपुरुषी, साधारण 40 ते 50 शब्दांचा असावा, कारण तो बहुधा जसाच्या तसा लेखाखाली छापला जातो.

‘मी आपल्या मासिकाची नियमित वाचक आहे’ हे वाक्य इतक्या पत्रांत येते, की ते वाचले जात नाही. त्या मासिकातला एखादा विशिष्ट लेख तुम्ही खरोखर वाचला असेल आणि त्याचा तुमच्या लेखाशी काही संबंध असेल, तरच त्या लेखाचे नाव घेऊन एक वाक्य लिहा. नसेल तर काहीच लिहू नका. त्याने काही बिघडत नाही.

हे सगळे लक्षात घेऊन तुमचे पत्र साधारण असे होईल:

विषय: आत्मपर लेख – ‘मोठ्याने बोल’ – 2,340 शब्द

मा. संपादक (नाव),
सप्रेम नमस्कार.

‘मोठ्याने बोल’ हा माझा 2,340 शब्दांचा आत्मपर लेख आपल्या मासिकासाठी विचारार्थ पाठवत आहे. वडिलांची श्रवणशक्ती कमी होत गेली त्या वर्षांत आमच्या घरातील बोलण्याची रीत कशी बदलली, हा त्याचा विषय आहे.

लेख अप्रकाशित आहे. त्यातील सुरुवातीचा सुमारे 180 शब्दांचा परिच्छेद मी गेल्या वर्षी समाजमाध्यमावरील माझ्या पानावर लिहिला होता. तो आता तेथून काढून टाकला आहे. लेख आणखी एका मासिकाकडे विचारार्थ दिला असून तेथे स्वीकृत झाल्यास आपल्याला त्याच दिवशी कळवीन. लेखातील भावाचे नाव बदलले आहे आणि दोन तज्ज्ञांकडील भेटी एकाच भेटीत सांगितल्या आहेत.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यापूर्वी माझे लेखन प्रसिद्ध झालेले नाही.

आपण लेख वाचण्यासाठी वेळ द्याल, याबद्दल आभारी आहे.

आपली,
(नाव, दूरध्वनी क्रमांक, ईमेल)

हे पत्र शंभराहून थोड्याच अधिक शब्दांचे आहे. स्थितीविषयीची माहिती तुमच्याकडे अधिक असल्यामुळे मधला परिच्छेद मोठा झाला आहे. ज्या लेखाचा कोणताही अंश कुठे आलेला नाही आणि जो एकाच ठिकाणी पाठवायचा आहे, त्याचे पत्र याच्या निम्म्यात संपते, आणि ते अपुरे आहे असे कोणालाही वाटत नाही. संपादकांचे नाव जुन्या अंकावरून न घेता ताज्या अंकातल्या श्रेयनामावलीतून घ्या. नाव सापडले नाही तर ‘मा. संपादक’ एवढे पुरे आहे.

पत्र ईमेलच्या मुख्य मजकुरातच लिहा. त्याची वेगळी फाइल जोडली, तर ती उघडलीच जाईल याची खात्री नसते. लेख मात्र जोडावा, आणि तो मासिकाने सांगितलेल्या स्वरूपात, काही सांगितले नसेल तर युनिकोडमध्ये टंकलेल्या वर्ड फाइलच्या रूपात असावा. फाइलला ‘अंतिम’ किंवा ‘नवीन’ असे नाव देऊ नका. शीर्षक आणि तुमचे आडनाव द्या, म्हणजे ती त्यांच्या संगणकावर शोधता येईल. काही मासिके आणि बहुतेक स्पर्धा लेखकाचे नाव झाकून वाचन करतात. तिथे नाव केवळ पत्रात किंवा अर्जात द्यायचे असते, त्यामुळे लेखाच्या पहिल्या पानावरून, पानांच्या माथ्यावरून आणि फाइलच्या नावातूनही ते काढून टाकावे लागते. तुमच्या लेखात वडील तुम्हाला एकदा नावाने हाक मारतात. अशा ठिकाणी पाठवताना ती हाक तशीच ठेवावी की नाही, हे नियम वाचून ठरवा.

पाठवल्यानंतर पोच आली नाही म्हणून आठवड्याभरात फोन करू नका. मासिकाने उत्तराचा कालावधी दिला असेल तर तो उलटून जाऊ द्या. दिला नसेल तर तीन महिने थांबणे योग्य ठरेल. त्यानंतर मूळ ईमेललाच उत्तर म्हणून दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे लेखाचे शीर्षक, पाठवल्याची तारीख आणि तो अजून विचाराधीन आहे का, एवढा प्रश्न. नकार आला आणि त्याला कारण जोडलेले नसेल, तर कारण विचारू नका. एखाद्या संपादकाने दोन ओळींची सूचना केली असेल, तर तेवढ्यापुरते आभार मानावेत.

स्वीकृती आलीच, तर तिचे उत्तर देण्याआधी दुसऱ्या मासिकाला कळवा. तिथे कारण किंवा दिलगिरीचा परिच्छेद नको. ‘आपल्याकडे विचारार्थ असलेला माझा ‘मोठ्याने बोल’ हा लेख अन्यत्र स्वीकृत झाल्यामुळे मी तो मागे घेत आहे. कृपया नोंद घ्यावी’ इतकेच त्याच ईमेलच्या उत्तरात लिहा. मग पहिल्या मासिकाला होकार कळवताना दोन भेटींविषयीची टीप लेखाखाली द्यायची आहे का, हे त्यांना विचारून घ्या.